एमिटर फॉलोअरचा गेन ०.९८ ऐवजी ०.८१ का येतो? लक्षणे, तपासण्या आणि स्मॉल-सिग्नल मॉडेलचा हिशेब

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्सची प्रात्यक्षिके घेतो आहे, आणि दर सत्रात एक तक्रार न चुकता माझ्या टेबलापर्यंत येते. सर्किट एमिटर फॉलोअरचे, म्हणजे बेसवरचा सिग्नल जवळजवळ तसाच एमिटरवर आणणारे, आणि अगदी छोटे असते: एक ट्रान्झिस्टर, तीन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर. वहीत व्होल्टेज गेन ०.९८ लिहिलेला असतो आणि ऑसिलोस्कोपवर मात्र ०.८१ दिसतो. मग ट्रान्झिस्टर बदलला जातो, ब्रेडबोर्ड बदलला जातो, बुधवार पेठेतून नवे सुटे भाग आणले जातात, आणि तरीही आकडा हलत नाही. तो हलणारही नसतो, कारण बहुतेक वेळा सर्किटमध्ये बिघाड नसतोच. वहीतला आकडा एका सर्किटचा असतो आणि टेबलावर दुसरेच सर्किट असते. मात्र उरलेल्या वेळी खरोखर बिघाड असतो, म्हणून दोन्ही शक्यता क्रमाने तपासाव्या लागतात. सर्वांत सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरुवात करून मी त्या इथे मांडतो आहे.

लक्षणे

ही अडचण तीन रूपांत दिसते. पहिले रूप वर सांगितलेच: गेन एकाच्या जवळ येण्याऐवजी ०.८, ०.७ किंवा त्याहूनही खाली येतो. दुसऱ्या रूपात इनपुट रोध फसवतो; सूत्राने काही शे किलोओहम अपेक्षित असताना मोजणीत चाळीस-पन्नास किलोओहमच मिळतात. तिसऱ्या रूपात आउटपुट रोध चौदा-पंधरा ओहम यायला हवा असे वाटते, पण पन्नासच्या आसपास येतो, आणि कधी कधी लोड जोडताच साइन वेव्हचा खालचा भागच कापला जातो. ही तिन्ही रूपे एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणून त्यांतले एकच धरून बसू नये.

उदाहरण म्हणून मागच्या सत्रातल्या एका जोडीचे सर्किट घेतो. बीसी ५४७ बी हा ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा पुरवठा, बेसला वरून १०० किलोओहम आणि खालून १५० किलोओहम, एमिटरला ३.३ किलोओहम. इनपुटला १ मायक्रोफॅरड आणि आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. लोड १ किलोओहमचा. सिग्नल मात्र जनरेटरमधून थेट न येता आधीच्या कॉमन एमिटर टप्प्याच्या कलेक्टरवरून येत होता, आणि त्या कलेक्टरला १० किलोओहमचा रेझिस्टर होता. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवावा. सगळी गोष्ट त्याच्यापाशीच येऊन थांबते.

आधी मल्टिमीटर: डीसी व्होल्टेज बरोबर आहेत का

सिग्नल बंद करून फक्त पुरवठा चालू ठेवावा आणि ग्राउंडच्या सापेक्ष तीन व्होल्टेज मोजावीत. या सर्किटमध्ये कलेक्टरवर १२ व्होल्ट, बेसवर सुमारे ६.७५ आणि एमिटरवर सुमारे ६.१ व्होल्ट मिळायला हवेत. ६.१ व्होल्टना ३.३ किलोओहमने भागले की एमिटर करंट १.८५ मिलिअँपिअर येतो. याला दोन मिनिटे लागतात आणि खर्च शून्य, म्हणून ही तपासणी कधीही वगळू नये.

स्मॉल-सिग्नल मॉडेल हे याच डीसी बिंदूभोवतीचे मॉडेल आहे, म्हणून सुरुवात इथून होते. ट्रान्झिस्टरच्या जागी आपण एमिटरच्या पायाशी जो लहानसा रोध काढतो, तो कुठल्याही रेझिस्टरवर छापलेला नसतो. तो एमिटर करंटवरून ठरतो. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या अठ्ठावीस-तीस अंश तापमानाला थर्मल व्होल्टेज जवळजवळ २६ मिलिव्होल्ट असते, आणि त्याला १.८५ मिलिअँपिअरने भागले की १४ ओहम मिळतात. करंट निम्मा झाला तर हाच रोध दुप्पट होईल. डीसी करंट माहीत नसताना केलेली पुढची सगळी आकडेमोड अंधारात केलेली असते.

इथे एक सावधगिरी सांगतो. आमच्या कपाटात काट्याचे जुने मल्टिमीटर अजून आहेत. असा २० किलोओहम प्रति व्होल्टचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर बेसला लावला, तर तो स्वतःच २०० किलोओहमचा लोड होतो आणि ६.७५ ऐवजी ५.३ च्या आसपास दाखवतो. तोच मीटर एमिटरला लावला तर जवळपास बरोबर ६.१ दाखवतो. एमिटर फॉलोअर नेमके काय काम करतो, हे या दोन मोजण्यांइतके स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही: बेसवरचा बिंदू दुबळा, एमिटरवरचा बिंदू भक्कम, आणि व्होल्टेज मात्र ०.६५ च्या फरकाने तेच. बेसवरचे मोजमाप डिजिटल मीटरनेच घ्यावे.

एमिटरचे व्होल्टेज अगदीच भलते आले, तर ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लागले आहेत का ते पाहावे. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २ एन ३९०४ मध्ये तो नेमका उलटा असतो, आणि दोन्ही प्रकार एकाच डबीत पडलेले असतात. कलेक्टर आणि एमिटर उलटे लागले तर बेस-एमिटर जंक्शनवर उलट दिशेने इतके व्होल्टेज येते की त्याचे ब्रेकडाउन होऊ शकते; या ट्रान्झिस्टरला तिथे सहा व्होल्टच्या आसपासच मर्यादा असते. असा ट्रान्झिस्टर नंतर सरळ लावला की चालताना दिसतो, पण त्याचा बीटा, म्हणजे बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट मिळतो ते गुणोत्तर, कायमचा घसरलेला असू शकतो. तो पुन्हा डबीत न टाकता फेकून द्यावा. नवा ट्रान्झिस्टर दोन-चार रुपयांना मिळतो, पण कमजोर झालेल्या ट्रान्झिस्टरमागे पुढच्या गटाची सगळी दुपार जाते.

मग कागद-पेन्सिल: आपण कोणता गेन मोजतो आहोत

डीसी बरोबर असेल तर सर्किटला हात न लावता कागद घ्यावा. माझ्या अनुभवात बहुतेक तक्रारी इथेच मिटतात, म्हणून या भागाला जरा जास्त वेळ देतो.

एसीसाठी पुरवठ्याची तार ग्राउंडच मानली जाते, कारण तिच्यावर सिग्नल नसतो. म्हणून कलेक्टर ग्राउंडवर येतो आणि बायसचे दोन्ही रेझिस्टर बेसपासून ग्राउंडपर्यंत समांतर होतात. १०० आणि १५० किलोओहम समांतर म्हणजे ६० किलोओहम. कपॅसिटर शॉर्ट मानले की एमिटरचा ३.३ किलोओहम आणि लोडचा १ किलोओहम समांतर येतात, म्हणजे ७६७ ओहम. आता बेसपासून पाहिले तर चित्र साधे होते: बेसवरचा सिग्नल आधी ट्रान्झिस्टरच्या १४ ओहमांतून आणि मग ७६७ ओहमांतून ग्राउंडकडे जातो, आणि आउटपुट त्या दोहोंच्या मधल्या बिंदूवर असते. हा निव्वळ व्होल्टेज डिव्हायडर आहे.

```
re   = VT / IE = 26 mV / 1.85 mA ≈ 14 Ω
RE'  = RE || RL = 3.3k || 1k ≈ 767 Ω
Vo/Vb = RE' / (re + RE') = 767 / 781 ≈ 0.98
```

वहीतला ०.९८ तो हाच. तो चुकीचा नाही, पण तो बेसपासून एमिटरपर्यंतचा गेन आहे. विद्यार्थी स्कोपचा पहिला चॅनल बेसला लावत नाहीत. सिग्नलचे मूळ व्होल्टेज म्हणून ते फॉलोअर जोडण्याआधी कलेक्टरवर मोजलेला आकडा धरतात. सिग्नलच्या दृष्टीने त्या कलेक्टरचे १० किलोओहम सोर्सचा रोध म्हणून बेसच्या आधी मालिकेत येतात, आणि त्यांच्यावर किती सिग्नल पडेल हे इनपुट रोधावरून ठरते.

म्हणून इनपुट रोध काढू. बेसमध्ये एक एकक करंट शिरला की एमिटरमधून बीटा अधिक एक एकके बाहेर पडतात, कारण कलेक्टरचा करंटही त्याला येऊन मिळतो. एमिटरच्या वाटेवरच्या ७८१ ओहमांवर व्होल्टेज पडते ते या वाढलेल्या करंटमुळे, पण बेसकडून पाहणाऱ्याला स्वतःचा लहान करंटच दिसतो. म्हणून त्याला तोच रोध बीटा अधिक एक पट मोठा भासतो. बीटा २५० धरला तर तो १९६ किलोओहम होतो. इथपर्यंत बहुतेक जण बरोबर येतात आणि इथेच थांबतात. पण सिग्नल बेसपाशी येतो तेव्हा बायसचे ६० किलोओहमही तिथे उभेच असतात.

```
Rb    = (β+1)(re + RE') = 251 × 781 ≈ 196k
Rin   = R1 || R2 || Rb = 60k || 196k ≈ 46k
Vo/Vs = Rin/(Rs + Rin) × 0.98 = 46/56 × 0.98 ≈ 0.81
```

स्कोपवरचा ०.८१ तो हा. सर्किट पहिल्यापासून बरोबर चालत होते. दुसऱ्या लक्षणाचे उत्तरही यातच मिळाले: इनपुट रोध ४६ किलोओहम आला कारण बायसच्या रेझिस्टरांनी तो खाली ओढला. ट्रान्झिस्टर कितीही चांगला आणला तरी हा रोध ६० किलोओहमच्या वर जाऊ शकत नाही.

त्या जोडीतल्या मुलीने हे ऐकून विचारले, ‘सर, मग वीस टक्के सिग्नल घालवून फॉलोअर लावायचाच कशाला?’ प्रश्न रास्त होता. मी तिला फॉलोअर काढून १ किलोओहमचा लोड कपॅसिटरमार्फत थेट आधीच्या टप्प्याच्या कलेक्टरला जोडायला सांगितले. १० किलोओहम आणि १ किलोओहम यांच्या डिव्हायडरमध्ये मूळच्या सिग्नलचा अकरावा भाग उरला. स्कोपवरची ठसठशीत लहर एका उभ्या चौकटीतही मावेल इतकी खाली बसली, आणि फॉलोअर परत लावताच पुन्हा उठली. ०.०९ आणि ०.८१ यांतला फरक तिने स्वतःच्या हाताने पाहिला. पुढे काही सांगावे लागले नाही.

बीटाला दोष देण्याआधी

कागदावरचा हा हिशेब पटला की पुढचा संशय बीटावर जातो. बी गटाच्या बीसी ५४७ चा बीटा २०० पासून ४५० पर्यंत कुठेही असू शकतो, त्यामुळे संशय स्वाभाविक आहे. पण वरच्या सूत्रात २०० घालून पाहिले तर एकूण गेन ०.८० येतो आणि ४५० घातले तर ०.८२. बीटा दुपटीहून जास्त बदलूनही गेन फक्त तीनेक टक्क्यांनी हलतो, कारण इनपुट रोधावर सत्ता बायसच्या ६० किलोओहमांची आहे. म्हणून गेन ०.५ येत असेल तर ट्रान्झिस्टर बदलण्यात वेळ घालवू नये. कारण दुसरीकडे आहे. आउटपुट रोधावर मात्र बीटाचा परिणाम बराच होतो, तो पुढे येईलच.

इनपुट रोध खरोखरच वाढवायचा असेल तर बायसचे रेझिस्टर २२० आणि ३३० किलोओहमचे घ्यावेत. व्होल्टेजचे गुणोत्तर तेच राहते, समांतर रोध १३२ किलोओहम होतो आणि लोडसहित इनपुट रोध ७९ किलोओहमांपर्यंत जातो. त्याची किंमत म्हणजे डीसी बिंदू बीटावर थोडा जास्त अवलंबून राहतो. बीटा २५० असताना एमिटरचे व्होल्टेज ६.१ वरून ५.६५ व्होल्टच्या आसपास उतरते. या सर्किटला ते सहज परवडते. यापलीकडे मेगओहमचे रेझिस्टर लावण्याच्या भानगडीत पडू नये, कारण मग बेस करंटच इतका व्होल्टेज खातो की डीसी बिंदू कुठे बसेल याची खात्री राहत नाही.

सिग्नल लहान आहे का, आणि लोड झेपतो आहे का

यापुढे स्कोप लागतो. मल्टिमीटरची एसी रेंज इथे वापरू नये, कारण तो लहर कापली गेली आहे की नाही हे सांगत नाही, फक्त एक आकडा दाखवतो, आणि स्वस्त मीटर काही शे हर्ट्झच्या वर तो आकडाही नीट दाखवत नाहीत.

लोड जोडल्यावर लहरीचा खालचा भाग सपाट होत असेल तर त्याचे कारण फॉलोअरच्या स्वभावात आहे. एनपीएन ट्रान्झिस्टर लोडमध्ये करंट ढकलू शकतो, ओढू शकत नाही. आउटपुट खाली जाताना करंट ओढण्याचे काम एमिटरचा ३.३ किलोओहमच करतो, आणि त्याच्या हाती स्थिर अवस्थेतला १.८५ मिलिअँपिअर एवढीच पुंजी असते. ती संपली की ट्रान्झिस्टर बंद पडतो आणि आउटपुट आणखी खाली जात नाही. ही मर्यादा एका गुणाकारात मिळते:

```
V(खालचे शिखर) ≈ IE × (RE || RL)
RL = 1k   → 1.85 mA × 767 Ω ≈ 1.4 V
RL = 100Ω → 1.85 mA × 97 Ω  ≈ 0.18 V
```

आउटपुट रोध मोजण्यासाठी १०० ओहमचा लोड लावून १ व्होल्टचा सिग्नल देणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांना अर्धी लहर कापलेली दिसते, तिच्यावरून ते शिखर ते शिखर व्होल्टेज वाचतात, आणि आउटपुट रोध दीडशे-दोनशे ओहम लिहितात. त्या क्षणी ट्रान्झिस्टर चक्राचा मोठा भाग बंदच असतो; बंद ट्रान्झिस्टरला १४ ओहमचे मॉडेल लावण्यात काही अर्थ नाही.

यावर एक गैरसमजही आढळतो. स्मॉल-सिग्नल म्हणजे पाच-दहा मिलिव्होल्टच द्यायचे, असे काही जण घट्ट धरून बसतात आणि मग गोंगाटात सिग्नल शोधत राहतात. ती अट बेस आणि एमिटर यांच्यामधल्या व्होल्टेजसाठी आहे. कॉमन एमिटरमध्ये एमिटर ग्राउंडवर असेल तर सगळा इनपुट तिथेच पडतो, म्हणून तिथे ती काटेकोरपणे पाळावी लागते. फॉलोअरमध्ये एमिटर बेसच्या मागोमाग चालतो. १०० मिलिव्होल्ट बेसवर दिले तर त्यातले ९८ एमिटरवर जातात आणि जंक्शनवर जेमतेम दोन मिलिव्होल्ट उरतात. म्हणून १ किलोओहमच्या लोडला शंभर-दोनशे मिलिव्होल्टचे शिखर निर्धास्त द्यावे. लोड जसजसा कमी ओहमचा होईल, तसतसा वरचा गुणाकार करून सिग्नल उतरवावा.

कपॅसिटर

ही तपासणी छोटी आहे पण चुकवू नये. आउटपुटला १० मायक्रोफॅरड असेल तर १ किलोहर्ट्झला त्याची रिॲक्टन्स १६ ओहम असते, म्हणजे नगण्य. चुकून १ मायक्रोफॅरडचा लागला असेल, किंवा १० मायक्रोफॅरडच ठेवून १०० हर्ट्झला मोजणी केली असेल, तर ती १६० ओहम होते आणि २२० ओहमच्या लोडवर मोजलेला आउटपुट रोध ४७ ऐवजी ९० च्या घरात येतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: फ्रिक्वेन्सी १ वरून ५ किलोहर्ट्झ करावी. आउटपुट वाढले तर दोष कपॅसिटरचा. तसेच राहिले तर नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची धन बाजू एमिटरकडे आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे, कारण तिथे कायम सहा व्होल्ट असतात.

इनपुट रोध मोजण्याची बिनचूक रीत

नेहमीची रीत अशी की मालिकेत एक रेझिस्टर टाकायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे व्होल्टेज मोजायचे. तिच्यात स्कोपचा प्रोब बेसला लागतो, आणि १ एक्सवर ठेवलेला प्रोब आपला १ मेगओहम आणि बऱ्यापैकी कपॅसिटन्स घेऊन येतो. त्यापेक्षा प्रोब आउटपुटवरच ठेवावा. फॉलोअर आपल्या बेसवरचे व्होल्टेज प्रामाणिकपणे आउटपुटवर दाखवतोच. मग बेसला हात लावायची गरज नाही.

जनरेटर थेट जोडून १०० मिलिव्होल्टचे शिखर द्यावे, लोड १ किलोओहम कायम ठेवावा. आउटपुट ९८ मिलिव्होल्टच्या आसपास दिसेल. मग जनरेटर आणि इनपुट कपॅसिटर यांच्यामध्ये ४७ किलोओहम टाकावा. आउटपुट ४८.५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येईल.

```
Rin = Rx × V2 / (V1 − V2)
    = 47k × 48.5 / (98.2 − 48.5) ≈ 46k
```

दोन मोजण्यांमध्ये लोड बदलू नये. लोड काढला तर बेसमध्ये दिसणारा रोध १९६ वरून आठशे किलोओहमच्या वर जातो आणि एकूण इनपुट रोध ५६ किलोओहम होतो. फॉलोअरचा इनपुट रोध म्हणजे ट्रान्झिस्टरचा एकट्याचा गुण नव्हे. लोडचे प्रतिबिंब त्यात पडलेले असते.

आउटपुट रोध: सोर्सला विसरू नये

तिसऱ्या लक्षणाचे मूळ याच्या उलट बाजूला आहे. बेसकडून पाहताना एमिटरकडचे सगळे बीटा अधिक एकने गुणले जाते. एमिटरकडून पाहताना बेसकडचे सगळे तितक्यानेच भागले जाते. आउटपुटवर बाहेरून करंट ओढला की त्याचा थोडासा अंश बेसमधून येतो, तो सोर्सच्या रोधातून वाहतो आणि बेसचे व्होल्टेज किंचित खाली ओढतो. म्हणून सोर्सचा रोध आउटपुटपर्यंत पोहोचतो, फक्त भागला जाऊन.

```
Rout = RE || ( re + (Rs || R1 || R2)/(β+1) )
Rs = 10k: 3.3k || (14 + 8.57k/251) ≈ 47 Ω
Rs = 50Ω: 3.3k || (14 + 0.2)       ≈ 14 Ω
```

वहीत १४ ओहम लिहिणाऱ्याने जनरेटरच्या ५० ओहमांचा हिशेब केलेला असतो आणि मोजणी १० किलोओहमच्या सोर्सने केलेली असते. इथे बीटा मात्र बोलतो: २०० असेल तर ५६ ओहम, ४५० असेल तर ३३. म्हणून या मोजणीत चाळीस टक्क्यांचा फरक दिसला तरी सर्किट निर्दोष असू शकते. आपल्या ट्रान्झिस्टरचा बीटा मल्टिमीटरच्या सॉकेटमध्ये मोजून मगच तुलना करावी.

मोजताना लोड असा निवडावा की आउटपुट नजरेत भरण्याइतके उतरेल, पण लहर कापली जाणार नाही. १ किलोओहमने ते जेमतेम पाच टक्के उतरते आणि स्कोपच्या रेषेच्या जाडीतच फरक हरवतो. २२० ओहम योग्य बसतो. लोड नसताना ८४.५ मिलिव्होल्ट आणि २२० ओहमला ६९.५ मिलिव्होल्ट आले, तर आउटपुट रोध २२० गुणिले (८४.५ भागिले ६९.५, वजा १), म्हणजे ४७ ओहम. त्या जोडीने नेमकी अशीच मोजणी केली आणि त्यांना ५१ मिळाले. बीटा मोजला तर २२८ निघाला. त्याने सूत्रातही ५१ येतात. तक्रारीचा कागद त्यांनी स्वतःच फाडला.

एक पडताळा नेहमी करावा. लोड नसतानाचा एकूण गेन ०.८४५ आहे. त्याला १००० भागिले १०४७ ने गुणले की ०.८१ येतो, जो आपण इनपुटकडून वेगळ्या वाटेने काढला होता. दोन वाटा एका ठिकाणी आल्या नाहीत तर हिशेबात कुठे तरी लोड किंवा सोर्स दोनदा धरला गेला आहे किंवा सुटला आहे.

इतके करूनही जुळत नसेल तर

आता अवघड कारणे उरतात. स्कोपवरची रेषा अकारण जाड दिसत असेल, बेसजवळ बोट नेल्यावर डीसी व्होल्टेज हलत असेल, किंवा आउटपुटला लांब शील्डेड केबल लावल्यावरच गडबड सुरू होत असेल, तर सर्किट काही मेगाहर्ट्झला किंवा त्याहून वर स्वतःच ऑसिलेट होत असण्याची शक्यता आहे. आपल्या मॉडेलमध्ये बीटा स्थिर धरला आहे. वरच्या फ्रिक्वेन्सीला तो घसरतो, सोर्सचा रोध कमी भागला जातो, आणि आउटपुट इंडक्टरसारखे वागू लागते. त्याला केबलचा कपॅसिटन्स भेटला की दोघांचे जमते. उपाय म्हणून बेसच्या पायाला लागूनच १०० ओहमचा रेझिस्टर मालिकेत टाकावा आणि कलेक्टरपासून ग्राउंडपर्यंत १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आखूड पायांनी लावावा. त्या १०० ओहमांनी आउटपुट रोधात अर्धा ओहमही वाढत नाही. कलेक्टरचा कपॅसिटर यासाठी की मॉडेलमध्ये आपण कलेक्टर ग्राउंडवर मानला आहे, आणि ब्रेडबोर्डच्या लांब तारा वरच्या फ्रिक्वेन्सीला ते खरे ठरू देत नाहीत.

कुठे थांबावे

या सर्किटमध्ये ट्रान्झिस्टर सुमारे ११ मिलिवॅट उष्णता सोडतो. बोटाला तो कोमटही लागता कामा नये. तो गरम लागला तर पुरवठा लगेच बंद करावा आणि डीसी तपासणीपासून पुन्हा सुरुवात करावी. चालू ठेवून मोजण्या घेऊ नयेत. वरचे दोन्ही उपाय करूनही ऑसिलेशन थांबत नसेल, तर भाग बदलत बसू नये. प्रयोगशाळेतला २० किंवा ३० मेगाहर्ट्झचा स्कोप ते नीट दाखवूही शकत नाही. जास्त बँडविड्थचा स्कोप आणि आरएफचा अनुभव असणाऱ्या व्यक्तीकडे बोर्ड न्यावा.

आणि हाच फॉलोअर घरातल्या ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात, मोठ्या पॉवर ट्रान्झिस्टरांच्या रूपात असेल, तर वरचे एकही पाऊल तिथे स्वतः उचलू नये. तिथे २३० व्होल्टचा पुरवठा आत येतो, मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहतात, आणि स्थिर करंट एका छोट्या प्रीसेटवर ठरलेला असतो. तो जरा जास्त फिरला की ट्रान्झिस्टरांची जोडी काही सेकंदांत जळते आणि तिच्या पाठोपाठ स्पीकरही जाऊ शकतो. प्लग काढावा, झाकण उघडू नये, आणि सेट दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाकडे द्यावा.